रेझ्युमे कितीही, तारीख एकच

"मॅडम, प्रत्येक जाहिरातीला वेगळा रेझ्युमे पाठवा म्हणतात. मी तसा पाठवलो. आता एकाशी एक जुळत नाही. इंटरव्ह्यूत कुणी दोन समोर ठेवले तर काय सांगू?"

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला मेकॅनिकल डिप्लोमा झालेला एक मुलगा 2025 च्या जानेवारीत हे विचारत आला. त्याच्या आधी आणि नंतरही हेच मी अनेकांकडून ऐकलं आहे, आणि आपल्या भागात ते जास्त ऐकू येतं याला कारण आहे. इथला मुलगा एकाच आठवड्यात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडमध्ये, शिरोली किंवा कागलच्या एमआयडीसीत आणि गोव्यात वेर्ण्याला अर्ज करतो. चारही ठिकाणी वेगळा माणूस हवा असतो. मग जुन्या फाइलवर फाइल, तिच्यावर आणखी एक, असं करत पाच रेझ्युमे तयार होतात.

मी त्याला पाचही कागदावर छापून आणायला सांगितले. मोबाइलवर एकेक बघून विसंगती सापडत नाही, टेबलावर शेजारी मांडले की लगेच दिसते. लाल पेन त्याच्याच हातात दिलं आणि म्हटलं, "तू आता नोकरी देणारा हो. हे पाच कागद एकाच माणसाचे आहेत का, ते मला सांग."

त्यानं खुणा करायला घेतलं. पहिल्या नोकरीची सुरुवात दोन ठिकाणी ऑगस्ट 2019, तीन ठिकाणी ऑगस्ट 2020. एकूण अनुभव कुठे चार वर्षं, कुठे पाच. हुद्दा शिरोलीच्या प्रतीत क्वालिटी इन्स्पेक्टर, वेर्ण्याच्या प्रतीत प्रॉडक्शन सुपरवायझर. कास्टिंगचं रिजेक्शन एका कागदावर तीन टक्क्यांनी कमी केलेलं, दुसऱ्यावर चाळीस टक्क्यांनी. पत्ता महाराष्ट्रातल्या अर्जांवर मामाचा, कोल्हापूरचा, बाकीच्यांवर गावचा. कन्नड हत्तरगीच्या प्रतीत 'उत्तम', शिरोलीच्या प्रतीत भाषांच्या यादीतच नाही.

पेन खाली ठेवून तो म्हणाला, "पण मी कुठं खोटं लिहिलोय, मॅडम?"

"2019 का 2020?"

"दोन्ही. 2019 ला अप्रेंटिस म्हणून लागलो, वर्षभरानं कायम केले."

"आणि तीन टक्के का चाळीस?"

"तेही दोन्ही. आधी शंभरात सात कास्टिंग रद्द व्हायची, नंतर चार. म्हणजे तीननं कमी. आणि सातातले तीन गेले म्हणजे चाळीसच्या वर की."

इथे आम्ही थांबलो, आणि बराच वेळ थांबलो. या कामात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी जागा हीच आहे. मुलगा आपल्याला खोटारडा समजून धास्तावलेला असतो, म्हणून तो लपवायच्या मागे लागतो. प्रत्यक्षात त्याच्याकडे दोन खऱ्या गोष्टी असतात आणि त्या त्यानं एकाच ओळीत कोंबलेल्या असतात. ओळ एक, गोष्टी दोन. मग एका प्रतीत एक वर येते, दुसऱ्या प्रतीत दुसरी. माझा कल माणसाला त्याच्या कामाची गोष्ट सांगायला लावण्याकडे आहे, चाचण्या आणि गुणांकडे मी नंतर वळते. गोष्ट नीट सांगितली की ओळी आपोआप सुट्या होतात, हे मला इतक्या मुलांच्या बाबतीत दिसलं आहे की आता त्यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

म्हणून आम्ही रेझ्युमे बाजूला ठेवले आणि एक लांबलचक फाइल करायला घेतली. ही मास्टर फाइल. ती कुणालाही पाठवायची नसते, त्यामुळे चार-पाच पानं झाली तरी चालते. तिच्यात पहिल्यांदा न बदलणाऱ्या गोष्टी, त्याही आठवणीतून नव्हे तर कागद समोर ठेवून: नेमणूकपत्र, रिलीव्हिंग लेटर, मार्क्स कार्ड, आधार आणि ईपीएफओच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी. या शेवटच्या नोंदीकडे मुलं बघतच नाहीत. नव्या कंपन्या मात्र बऱ्याचदा ती मागतात, कारण तिच्यात प्रत्येक मालकाकडे रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते.

त्याच्या नोंदीत पहिली तारीख ऑगस्ट 2020 होती. तो घाबरला. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या उमेदवाराचा पीएफ कापला जात नाही, त्यामुळे ते वर्ष तिथे दिसत नाही. त्याचा पुरावा म्हणजे अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र, आणि ते त्याच्याकडे होतं. मास्टरमध्ये एका ओळीच्या दोन झाल्या: अप्रेंटिस, ऑगस्ट 2019 ते जुलै 2020; क्वालिटी इन्स्पेक्टर, ऑगस्ट 2020 ते मार्च 2022. पुढे पाच महिने घरी, वडिलांच्या आजारपणामुळे. मग सप्टेंबर 2022 पासून मच्छेच्या एका मशीन शॉपमध्ये. डिसेंबर 2024 पर्यंतची बेरीज केली तर नियमित नोकरी वीस आणि अठ्ठावीस महिने, म्हणजे बरोबर चार वर्षं, आणि अप्रेंटिसशिप एक वर्ष. तेव्हा सगळीकडे एकच वाक्य: 'चार वर्षं अनुभव, शिवाय एक वर्ष अप्रेंटिसशिप'. चार आणि पाचचं भांडण तिथेच मिटलं.

तारखा सगळीकडे महिना आणि वर्ष अशाच लिहायच्या हेही ठरलं. त्याच्या दोन प्रतींत नुसती वर्षं होती आणि पाच महिन्यांची फट त्यात झाकली जात होती. एका प्रतीत फट दिसते आणि दुसरीत दिसत नाही, तेव्हा वाचणाऱ्याला ती लपवलेलीच वाटते. वडिलांचं आजारपण ही सांगता येण्यासारखी गोष्ट आहे, इंटरव्ह्यूत एका वाक्यात ती संपते.

आकड्याचाही निकाल लागला. टक्के किती कमी झाले हे लिहायचंच नाही. कुठून कुठे आले ते लिहायचं. 'रिजेक्शन 7 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर, तिघांच्या टीममध्ये'. असा आकडा दोन प्रकारे वाचता येत नाही. मास्टरमध्ये त्याच्या खाली आणखी चार ओळी: कुठलं कास्टिंग, किती महिन्यांचा हिशोब, आकडा कुठल्या रजिस्टरमधला, खातरजमा करायला कोण आहे. या ओळी रेझ्युमेत येत नाहीत. "हे कसं मोजलं?" या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यातच असतं.

मग निवडीचं काम. इथे तो खुलला, कारण वेगळं लिहायला मुभा आहे म्हटल्यावर त्याच्या जिवात जीव आला. फाउंड्रीतली त्याची एकच गोष्ट आम्ही तीन जाहिरातींसाठी लिहिली. कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडणारी पोकळ भोकं, येत होते. त्यानं शिफ्टनिहाय नोंदी बघितल्या, ग्रीन सँडमधला, म्हणजे साच्याच्या वाळूतला, ओलावा सकाळी जास्त असतो हे लक्षात आलं, प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला ओलावा तपासून चेकशीटवर लिहायची पद्धत टीमनं घातली. शिरोलीच्या फाउंड्रीसाठी ओळ सुरू झाली ब्लोहोलचं कारण शोधण्यापासून. हत्तरगीच्या इन्स्पेक्शनच्या जागेसाठी पुढे आली मोजणी आणि नोंदी. वेर्ण्याच्या सुपरवायझरच्या जागेसाठी पुढे आलं मोल्डरकडून दर शिफ्टला चेकशीट भरून घेणं. तिन्हींत तारीख तीच, आकडा तोच, टीम तिघांचीच.

हुद्दा मात्र वेर्ण्याच्या प्रतीतही क्वालिटी इन्स्पेक्टरच राहिला. "पण त्यांना सुपरवायझर पाहिजे," असं तो म्हणाला. "हुद्दा नेमणूकपत्राचा असतो, काम तुझं असतं," मी म्हटलं. हुद्द्याखालच्या पहिल्याच ओळीत 'रात्रपाळीत आठ कामगारांच्या कामावर देखरेख' हे लिहिता येतं, कारण ते खरंच त्यानं केलं होतं.

जाहिरातीतला शब्द उचलावा, पण वस्तू तीच असेल तरच. त्यानं 'रिजेक्शन रिपोर्ट' म्हटलेलं कंपनी 'एनसीआर' म्हणत असेल तर खुशाल एनसीआर लिहावं. सीएमएम या मोजमापाच्या यंत्राचं तसं नाही. त्यावर तो मोजमाप घेतो, प्रोग्रॅम दुसरा माणूस करून देतो. हत्तरगीच्या जाहिरातीत प्रोग्रॅमिंग मागितलं होतं. तिथे 'सीएमएमवर मोजमाप' एवढंच लिहिलं. ती अट कुठल्याही प्रतीनं भरून निघणार नव्हती.

पत्ता आणि भाषा हा खास आपल्याकडचा गुंता. मामाचा पत्ता देऊन आपण महाराष्ट्रातले वाटू, असं पुष्कळांना वाटतं. आधारवर खानापूरच असतं, त्यामुळे कागदपत्रांच्या दिवशी अवघडल्यासारखं होतं. पत्ता गावचा ठेवला आणि शिरोलीच्या प्रतीत 'कोल्हापुरात राहण्याची सोय आहे' ही ओळ घातली. कंपनीला हवी होती ती माहिती हीच. कन्नड शिरोलीच्या प्रतीत नसली तरी हरकत नाही, वगळणं म्हणजे विसंगती नव्हे. पण जिथे लिहिली तिथे पातळी एकच हवी. तो बोलतो, वाचतो, लिहायला अडखळतो. 'उत्तम' काढून 'बोलणे, वाचणे' केलं.

फाइल सांभाळण्याची एक सवय मी फार आग्रहानं लावते. नवी प्रत नेहमी मास्टरमधून काढायची, मागच्या प्रतीतून कधीच नाही. दुरुस्ती सुचली तर आधी मास्टरमध्ये, मग प्रतीत. पाठवलेली प्रत पीडीएफ करून `2025-01-20_Shiroli_QA.pdf` अशा नावानं ठेवायची आणि शेजारी एका वहीत कंपनी, तारीख, सांगितलेला नोटीस पिरियड आणि पगाराची अपेक्षा लिहायची. शेवटच्या दोन गोष्टी रेझ्युमेत नसतात, फोनवर बोलल्या जातात, आणि सगळ्यात लवकर विसरल्या जातात. नोकरीच्या पोर्टलवरचं प्रोफाइल सगळ्या कंपन्यांना एकच दिसतं, म्हणून तिथे फक्त मास्टरमधल्या न बदलणाऱ्या गोष्टी आणि सर्वांना चालेल असा सारांश.

राहिले आधीच गेलेले रेझ्युमे. शिरोलीहून त्याला बोलावणं आलं होतं आणि तिथे मामाचा पत्ता, 2019 ची एकच ओळ आणि चाळीस टक्के असलेली प्रत गेली होती. इंटरव्ह्यूच्या आधी त्यानं मेल केला: 'माझ्या रेझ्युमेची दुरुस्त प्रत जोडत आहे. अप्रेंटिसशिप आणि नोकरीचा काळ वेगळा दाखवला आहे, रिजेक्शनचा आकडा कुठून कुठे आला ते लिहिलं आहे आणि पत्ता आधारप्रमाणे केला आहे.' एवढंच; माफी नाही, लांबण नाही. इंटरव्ह्यूत क्वालिटी हेडनं 7 वरून 4 कसे आणले हेच विचारलं आणि तो वाळूच्या ओलाव्यावर बराच वेळ बोलला. बाकीच्या ज्या अर्जांना उत्तर आलं नव्हतं त्यांना मेल करायची गरज नव्हती. त्यांच्याकडून फोन आला तर पहिल्याच बोलण्यात 'दुरुस्त प्रत पाठवतो' म्हणायचं, एवढं त्यानं वहीत प्रत्येक नोंदीपुढे लिहून ठेवलं.