सील शाबूत, तरी वजन जास्त

प्रश्न: आमच्या कंटेनरचं सील शाबूत होतं, नंबरही कागदाशी जुळत होता. तरी वजन सुमारे सहाशे किलोंनी जास्त भरलं म्हणून टर्मिनलने गेटवरच थांबवला. सील नीट असताना वजन वाढेल कसं?

बहुधा ते वजन पहिल्यापासून आतच होतं, फक्त तुमच्या बेरजेत नव्हतं. टर्मिनलच्या गेटवर मी बरीच वर्षं तपासणी केली आहे. काट्यावर जास्त भरलं की मी आधी बेरीज तपासतो, कमी भरलं की दार.

१ जुलै २०१६ पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार व्हीजीएम, म्हणजे पडताळलेलं एकूण वजन, दिल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. ते देण्याची जबाबदारी शिपरची, म्हणजे माल पाठवणाऱ्याची. एकतर भरलेला कंटेनर काट्यावर घ्यायचा, नाहीतर आतली प्रत्येक वस्तू वजन करून त्यात दारावर लिहिलेलं रिकाम्या कंटेनरचं वजन मिळवायचं. घोळ होतो तो दुसऱ्या पद्धतीत.

माझ्यासमोर आलेला एक ४० फुटी घ्या. माल २०,००० किलो, दारावरचं टेअर ३,८६०. शिपरने २३,८६० लिहून दिले. पण आत २० लाकडी पॅलेट होते, प्रत्येकी २२ किलोंचे, म्हणजे ४४० किलो. शिवाय माल हलू नये म्हणून ठोकलेली लाकडं आणि पट्टे, सुमारे १५० किलो. खरं वजन २४,४५०.

आमच्या बाजूनेही चूक होऊ शकते, हे सांगायलाच हवं. काट्यावर ट्रॅक्टर-ट्रेलरसकट वजन होतं आणि मग गाडीचं वजन वजा करतात. ते आकडे जुन्या नोंदीतले असतील तर टाकीतलं डिझेल कंटेनरच्या नावावर चढतं. ४०० लिटर डिझेल म्हणजे जवळपास ३३५ किलो! म्हणून कंटेनर उतरवल्यावर तीच गाडी पुन्हा काट्यावर घ्यायला सांगा. एका ट्रेलरवर दोन कंटेनर असतील तर एकूण वजनाची अर्धी-अर्धी वाटणी चालत नाही, दोन्ही वेगवेगळे मोजावे लागतात.

वजन कमी भरलं असतं तर मात्र मी सीलच्या नंबरावर थांबलो नसतो. आयएसओ १७७१२ या सीलच्या मानकातल्या 'एच', म्हणजे उच्च सुरक्षेच्या वर्गातलं बोल्ट सील हातानं ओढून, पिळून पाहावं लागतं. तोडून परत चिकटवलेलं असेल तर ते हलतं किंवा फिरवताना सुटतं. त्यानंतर दाराच्या हँडलचे रिवेट. सीलला हात न लावता रिवेट काढून दार उघडतात आणि नवा रिवेट बसवतात. भोवतालच्या जुन्या, गंजलेल्या रंगात एकच रिवेट चकचकीत किंवा ताजा रंगवलेला दिसला की मी कंटेनर बाजूला घेतो.

तुमच्या बाबतीत पॅकिंग यादी काढा, पॅलेट आणि लाकडाचं वजन धरून बेरीज पुन्हा करा, आणि जहाजाच्या मांडणीचा आराखडा पक्का होण्याआधी सुधारित व्हीजीएम पाठवा.