आयव्हीएफमधील ओएचएसएस: केव्हा सावध व्हावे?

मला पीसीओएस आहे आणि नागपुरात आयव्हीएफची इंजेक्शने चालू आहेत. ओएचएसएस, म्हणजे अंडाशये औषधांनी प्रमाणाबाहेर चेतवली जाणे, कसे ओळखावे, डॉक्टर ते कसे टाळतात?

पोट थोडे फुगणे अपेक्षितच असते. मात्र दिवसात किलोभर वजन वाढणे, सततच्या उलट्या किंवा धाप लागणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लघवी घटल्यास नागपूरच्या उन्हाला दोष देऊन थांबू नये, कारण रक्तवाहिन्यांतील पाणी पोटात झिरपल्यानेही ती घटते.

पीसीओएसमध्ये डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करून अंडी अवेळी सुटणे रोखणारी अँटागोनिस्ट पद्धत निवडतात, जेणेकरून बीजकोषांची संख्या फार वाढल्यास अंडी पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन, म्हणजे ट्रिगर, एचसीजी या संप्रेरकाऐवजी ल्युप्रोलाइडचे देता येते. एचसीजी अनेक दिवस अंडाशयांना चेतवत राहते, ल्युप्रोलाइडचा परिणाम लवकर ओसरतो. गर्भधारणेतही एचसीजी तयार होत असल्याने सर्व गर्भ गोठवून ते पुढच्या पाळीचक्रात गर्भाशयात सोडतात. हा उशीर खटकला तरी माझ्या मते तो स्वीकारावा.