टक्के, पण कशाचे?

सर, वाळूजला कंपनीत आहे. पगार 18,000, खोलीचं भाडं 4,500. जोडीदार म्हणतो 25 टक्के भाड्यात जातात. मी काढले तर 29 येतात. कोण चुकलं? (बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर)

दोघांचाही भागाकार बरोबर आहे. तुमच्या जोडीदाराने 4,500 ला 18,000 ने भागलं, तुम्ही हातात पडणाऱ्या रकमेने भागलं. वरची रक्कम एकच, खालची वेगळी, म्हणून उत्तर वेगळं. टक्केवारीत खालच्या रकमेला मी पाया म्हणतो. वर्गात ‘टक्के’ असा शब्द कुणी उच्चारला की मी आधी ‘कशाचे?’ एवढंच विचारायचो, कारण पाया ठरल्याशिवाय 25 आणि 29 यांत भांडण लावण्यात अर्थच नसतो.

तुम्ही पाठवलेलं पगारपत्रक समोर घेऊ. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000, बाकीचे भत्ते 3,000. पीएफ कापला आहे 1,800, म्हणजे 15,000 चे 12 टक्के. ईएसआय कापला आहे 135, आणि तो 15,000 चा नाही, पूर्ण 18,000 चा पाऊण टक्का आहे. म्हणजे एकाच कागदावर शेजारशेजारच्या दोन ओळींत पाया बदललेला आहे. व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300 कापतील, तेव्हा दचकू नका). शेवटी कँटीन आणि बस मिळून 365. एकूण कपात 2,500, हातात 15,500. आता 4,500 भागिले 15,500, गुणिले 100, म्हणजे 29.03.

तुमचा खरा प्रश्न ‘महिना भागेल का’ हा आहे. त्यासाठी हातातल्या पैशांचाच पाया धरावा, असं माझं मत आहे. किराणा पीएफच्या पैशांतून येत नाही. पण यात एक बारीक गोष्ट आहे. कँटीन आणि बसचे 365 ही कपात नव्हे, तो तुमचा खर्च आहे, फक्त कंपनीने परस्पर वळता केलेला. शेजारचा कामगार डबा घरून नेतो आणि स्वतःच्या गाडीवर जातो. त्याच्या पगारातून हे पैसे कापले जात नाहीत, पण पेट्रोल त्याच्याच खिशातून जातं. त्याच्याशी तुलना करायची असेल तर 365 परत मिळवा. पाया 15,865 होतो आणि उत्तर 28.4 येतं.

वरच्या रकमेचंही तसंच आहे. एकाच्या भाड्यात लाइटबिल आणि पाणीपट्टी धरलेली असते, दुसऱ्याच्या नसते. मग पाया सारखा असूनही तुलना फसते.

सर, पगार 32,000, भाडं 7,000. मोबाइलवर भागाकार केला तर 4.57 आलं. साडेचारच टक्के कसे? आणि मोबाइल न काढता तोंडी काढता येतं का? (नांदेड)

ताई, तुमचा भागाकार उलटा झाला आहे. तुम्ही पगाराला भाड्याने भागलं. 4.57 याचा अर्थ तुमच्या पगारात असं भाडं साडेचार वेळा बसतं. ती माहिती खरी आहे, पण ते टक्के नव्हेत. ज्याचा हिस्सा काढायचा ते आधी, ज्यातून काढायचा ते नंतर: 7000 ÷ 32000 × 100 = 21.875. आणि भागताना % चं बटण दाबलं असेल तर पुन्हा 100 ने गुणू नका, नाहीतर 2187.5 दिसेल.

तोंडी काढायला आपल्याकडची पावकी अजून उपयोगी पडते. 32,000 चा पाव हिस्सा 8,000. पाव म्हणजे 25 टक्के. तुमचं भाडं 7,000, पावापेक्षा हजाराने कमी. एक टक्का म्हणजे 320, तेव्हा हजारात तीन टक्के आणि वर थोडं. पंचवीसातून तीन गेले, बावीसच्या किंचित खाली. झालं उत्तर. घर बघायला गेल्यावर घरमालकासमोर उभं राहून एवढं पुरेसं असतं.

याच्यामुळे उलटा भागाकारही लगेच पकडता येतो. 7,000 हे 32,000 च्या पावाच्या जवळ आहे हे डोळ्यांना दिसतंय, मग 4.57 किंवा 457 असं काही पडद्यावर आलं तर ते चूक आहे हे न मोजताच कळतं.

आम्ही दोघंही कमावतो. मी माझ्या पगारातले 25 टक्के भाड्याला देतो, बायको तिच्या पगारातले 25 टक्के. म्हणजे घरातले 50 टक्के भाड्यातच जातात की काय? (लातूर)

नाही, 25 च जातात. तुमचा पगार 20,000 आणि त्यांचा 12,000 असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही देता 5,000, त्या देतात 3,000, भाडं 8,000. घराची मिळकत 32,000, आणि 8,000 हा तिचा पाव हिस्सा. दोन टक्केवाऱ्यांचे पाये वेगळे असतील तर त्यांची बेरीज करायचीच नसते.

बेरीज नको तर सरासरी काढू, असंही बरेच जण म्हणतात. ते इथे जमल्यासारखं वाटेल, कारण दोन्ही आकडे सारखेच आहेत. पण समजा तुम्ही 20 टक्के दिले आणि त्यांनी 35. मधला आकडा साडेसत्तावीस. प्रत्यक्षात तुमचे 4,000 आणि त्यांचे 4,200 मिळून 8,200 होतात, आणि 8,200 हे 32,000 चे 25.6 टक्के. ज्याचा पगार मोठा त्याच्या टक्क्याकडे उत्तर झुकतं. म्हणून आधी रुपये रुपयांत मिळवा, पगार पगारात मिळवा आणि भागाकार शेवटी एकदाच करा.

भाडं पगाराच्या 25 टक्के होतं. मालकाने 10 टक्के वाढवलं. आता 35 झालं का? (जालना)

साडेसत्तावीस झालं. मालकाचे 10 टक्के जुन्या भाड्याचे आहेत, तुमचे 25 टक्के पगाराचे. 20,000 पगारावर भाडं 5,000 होतं, ते 5,500 झालं. 5,500 भागिले 20,000. यंदा पगारही 10 टक्के वाढून 22,000 झाला तर हिस्सा परत 25 वर येईल. पाच टक्केच वाढला, म्हणजे 21,000 झाला, तर 26.2.

सर, आमचा पगार नाही, शेती आहे. पोरांच्या शाळेसाठी परभणीत खोली केली, महिना 3,500. दिवाळीच्या टायमाला सोयाबीनची पट्टी आली तेव्हा भाडं कायच वाटलं नाही. जूनमध्ये मात्र घाम फुटतो. आमच्यासारख्यानं टक्के काढायचे तरी कसे? (जिंतूर तालुका)

मला आलेल्या पत्रांत हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं, कारण टक्केवारीची बहुतेक पुस्तकी उदाहरणं महिन्याच्या एक तारखेला पगार येणाऱ्या माणसाची असतात आणि आपला निम्मा मराठवाडा तसा जगत नाही.

तुम्हाला जे जाणवलं ते आकड्यांत असं दिसतं. नोव्हेंबरात 96,000 ची पट्टी हातात होती. त्यात 3,500 म्हणजे 3.6 टक्के, भाडं जाणवणारच नाही. जूनमध्ये शेतातून काहीच येत नाही, उलट बियाणं आणि खत घ्यायचं असतं. नुसत्या शेतीच्या मिळकतीवर काढायचं म्हटलं तर पाया शून्य, आणि शून्याने भागताच येत नाही. त्या महिन्याची टक्केवारी नावाची गोष्टच नाही. म्हणून महिन्याचं भाडं महिन्याच्या मिळकतीशी लावणं सोडून द्या. वर्षाचं भाडं वर्षाच्या मिळकतीशी लावा. वर आणि खाली काळ एकच पाहिजे.

भाडं वर्षाचं 42,000. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं गावी आली तरी मालक भाडं घेतो, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून बारा महिने धरले.

आता पाया. सोयाबीनचे 96,000 आणि तुरीचे 54,000 मिळून दीड लाख. इथेच थांबलात तर 28 टक्के येतात, पण दीड लाख ही तुमची मिळकत नाही. तुम्ही दिलेल्या हिशोबात बियाणं, खत, फवारणी, खुरपणी, मळणीयंत्राचं भाडं हे सगळं मिळून 65,000 गेले. राहिले 85,000. त्यात दुधाचे, पेंड-चाऱ्याचा खर्च वजा जाता, 60,000. एकूण 1,45,000. म्हणजे 42,000 भागिले 1,45,000, सुमारे 29 टक्के.

तुम्ही म्हणाल, 28 आणि 29 मध्ये फरक तो काय? या वर्षी नाही, कारण दुधाने खर्चाची भर जवळजवळ भरून काढली. दुभती जनावरं नसती तर पाया 85,000 राहिला असता आणि हाच हिस्सा 49 टक्के झाला असता. पट्टीवरचा आकडा पाया म्हणून धरण्याचा धोका इथे आहे. पगारदाराची कपात त्याच्या पत्रकावर छापून येते. तुमची कपात पेरणीपासून आठ महिन्यांत सुटी सुटी खर्च झालेली असते आणि पट्टी हातात येते तेव्हा ती डोळ्यांसमोर नसते. आडत दुकानाची उधारी चुकती केलेली असेल तर तीही त्याच खर्चातली. ती दोनदा वजा होणार नाही एवढं बघा.

आणखी एक आकडा तुम्ही काढून ठेवाच. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने काय केलं ते आपण पाहिलं आहे. तशा वर्षी सोयाबीन 96,000 ऐवजी 40,000 चं झालं असं समजा. खर्च तोवर होऊन गेलेला असतो, काढणीचे थोडे पैसे वाचतात तेवढेच. ते सोडून देऊ. मिळकत 56,000 ने उतरून 89,000 होते. भाडं तेच 42,000, पण हिस्सा 29 वरून 47 टक्क्यांवर जातो. भाड्यात एक रुपयाही वाढलेला नाही, फक्त पाया खचला.

म्हणून शेतकऱ्याने खोली करताना चांगल्या वर्षाचा आकडा धरू नये असं मला वाटतं. मागच्या तीन-चार वर्षांच्या पट्ट्या काढा, त्यांतलं सगळ्यांत पडतं वर्ष घ्या, त्याचा खर्च वजा करा आणि त्या रकमेने भाड्याला भागा. दोन वर्षांपूर्वीचा खर्च आठवत नसेल तर यंदाचाच धरा, भाव चढते आहेत, त्यामुळे चूक झालीच तर तुमच्या बाजूने सावध राहील.

जूनच्या घामाचा उपाय वेगळा आहे. पट्टी येते त्याच आठवड्यात पुढच्या सहा महिन्यांचं भाडं, 21,000, बाजूला काढा. ते तुमच्या 96,000 चे जवळजवळ 22 टक्के होतात. पट्टी हातात असताना हा हिस्सा डोळ्यांना दिसेल, आणि डिसेंबर ते मेचं भाडं त्यातून जाईल. जून ते नोव्हेंबरच्या दुसऱ्या 21,000 साठी तुरीच्या पैशांना असाच हात लावा. ते 54,000 चे 39 टक्के आहेत, म्हणून तुरीचे पैसे आल्या आल्या मोठी खरेदी ठरवू नका.