लीफ नोडमधल्या साखळीचा नेमका फायदा कोणता?

प्रश्न: बी-प्लस ट्रीमध्ये लीफ नोड एकमेकांना जोडलेले असल्यामुळे रेंज क्वेरी जलद होते असे सगळीकडे वाचतो. पण रूटपासून पुन्हा खाली यायचे म्हटले तरी तीन-चारच पायऱ्या असतात ना? मग एवढा फरक कसा पडतो?

उत्तर:

आपली शंका रास्त आहे. नाशिकमध्ये कांद्याच्या लिलावाच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसचे काम मी पाहतो, त्यामुळे त्याच धर्तीवरचे उदाहरण घेतो. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत.

समजा, लिलावाच्या ४० लाख नोंदी आहेत आणि प्रायमरी की तारीख व लॉट क्रमांक मिळून बनलेली आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनमध्ये एक पेज साधारणपणे १६ केबीचे असते आणि टेबलमधली पूर्ण नोंद प्रायमरी कीच्या ट्रीच्या लीफमध्येच राहते. एक नोंद १०० बाइटच्या आसपास धरली, तर एका लीफमध्ये सुमारे १५० नोंदी मावतात, म्हणजे लीफ पेज साधारण २७ हजार झाली. वरच्या नोडमध्ये फक्त की आणि खालच्या पेजचा क्रमांक असल्यामुळे एका नोडखाली सहज हजार पेज येतात. म्हणून रूट, मधली पातळी आणि लीफ अशा तीन पातळ्यांत सारे काम भागते.

आता नोव्हेंबर महिन्याच्या ३० हजार नोंदी हव्या आहेत, म्हणजे ओळीने २०० लीफ. १ नोव्हेंबरची पहिली नोंद शोधत एकदाच खाली उतरायचे, त्यात तीन पेज वाचली जातात. पुढे प्रत्येक पेजच्या हेडरमध्ये लिहिलेल्या पुढच्या पेजच्या क्रमांकावरून १९९ लीफ वाचायची आणि ३० नोव्हेंबरनंतरची पहिली नोंद दिसताच थांबायचे. एकूण २०२ पेज झाली. प्रत्येक लीफसाठी रूटपासून उतरलो असतो, तर हाच आकडा ६०० झाला असता. तारखा उलट्या क्रमाने हव्या असतील तर मागच्या पेजचा क्रमांकही त्याच हेडरमध्ये असतो.

मात्र हा तिप्पट फरक काहीसा फसवा आहे, कारण रूट आणि मधली पेज बहुधा मेमरीतच असतात. शिवाय पेरेंट नोडमधली आपली जागा लक्षात ठेवून साखळीविनाही पुढच्या लीफवर जाता येते, आणि तसे केल्यास २०२ ऐवजी फार तर २०३-२०४ पेज वाचावी लागतील. म्हणून माझ्या मते साखळीचा खरा फायदा वाचलेल्या पेजच्या संख्येत शोधू नये. वाचन चालू असताना दुसरे कोणी नोंदी घालत असेल, पेरेंट नोड भरून दुभंगला, तर लक्षात ठेवलेली जागा चुकीची ठरते. ती बरोबर राहावी म्हणून पेरेंटवर लॉक धरून ठेवले, तर त्या नोडमध्ये बदल करू पाहणाऱ्यांना ताटकळावे लागते. साखळी असली की वाचणाऱ्याने हातातले लीफ आणि त्याचा शेजारी एवढेच सांभाळायचे, वरच्या पातळीशी त्याचा संबंधच उरत नाही. लेहमन आणि याओ यांनी १९८१ मध्ये हीच कल्पना पुढे नेली. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक नोडला उजव्या शेजाऱ्याची लिंक असते, आणि आपण पोहोचेपर्यंत नोड दुभंगला असेल तर वर न जाता त्या लिंकवरून उजवीकडे सरकायचे. पोस्टग्रेसचे बी-ट्री इंडेक्स याच पद्धतीवर उभे आहेत.

साखळीने जोडलेली पेज डिस्कवरही शेजारी-शेजारी असतीलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे. भरलेल्या लीफच्या मध्येच नवी नोंद आली की निम्म्या नोंदी एका नव्या पेजमध्ये जातात आणि ते पेज फाइलमध्ये कुठेही असू शकते. तारखेच्या क्रमाने नोंदी येत गेल्या तर हे क्वचितच घडते, पण यादृच्छिक यूयूआयडीला प्रायमरी की केले की वारंवार घडते. मग साखळी तर्काने सरळ असली तरी वाचन डिस्कवर इकडून तिकडे उड्या मारते, आणि फिरत्या डिस्कवर तो फरक चांगलाच जाणवतो.

सर्वांत जास्त फसगत दुय्यम इंडेक्समध्ये होते. समजा प्रायमरी की वेगळी आहे आणि तारखेवर फक्त दुय्यम इंडेक्स आहे. त्याच्या लीफमध्ये तारीख आणि प्रायमरी की एवढेच असल्यामुळे साखळीवरून ३० हजार नोंदी चटकन सापडतात, पण दर काढण्यासाठी त्यातल्या प्रत्येकीमागे मुख्य ट्रीमध्ये पुन्हा रूटपासून उतरावे लागते. म्हणजे जो खर्च साखळीने वाचवला, तो ३० हजार वेळा परत आला. आपल्याकडे असे होते आहे का, हे असे तपासता येईल:

```sql
EXPLAIN SELECT lot_no, rate FROM lilav
WHERE lilav_date BETWEEN '2023-11-01' AND '2023-11-30';
```

`Extra` मध्ये `Using index condition` नव्हे, तर `Using index` दिसले, तर सारे काम इंडेक्सच्या लीफमध्येच उरकले. `type` मध्ये `range` असूनही वापरलेली `key` दुय्यम इंडेक्सची असेल आणि `Using index` नसेल, तर मुख्य ट्रीकडे फेऱ्या होत आहेत. अशा वेळी `lot_no` आणि `rate` हे दोन्ही स्तंभ तारखेच्या पाठोपाठ त्याच इंडेक्समध्ये घ्यावेत.