दर सोमवारी ऑर्डर, गुरुवारी माल: पातळी किती धरायची?

प्रश्न: माझं मेडिकल आहे. सोमवारी सकाळी होलसेलरला ऑर्डर देतो, माल गुरुवारी सकाळी येतो. एका गोळीच्या रोज साधारण १२ स्ट्रिप जातात, म्हणून दर सोमवारी सात दिवसांच्या हिशोबाने ८४ पर्यंत भरतो. तरी एक आठवडा बरा जातो आणि पुढच्या आठवड्यात माल संपतो. असं का?

उत्तर: कारण ८४ ची पातळी तीन दिवसांच्या विक्रीइतकी कमी पडते. आज सोमवारी ऑर्डर दिली की पुढची संधी थेट पुढच्या सोमवारी, आणि ती ऑर्डर हातात येणार त्याच्या गुरुवारी. म्हणजे आज शेल्फवर असलेला आणि आज मागवलेला माल मिळून दहा दिवस पुरला पाहिजे: सात दिवस पुढच्या ऑर्डरपर्यंतचे, तीन माल यायचे.

एक आठवडाआड होणारी ओढाताणही यातूनच येते. समजा, सोमवारी शेल्फ रिकामं आहे. तुम्ही ८४ मागवता, बुधवारपर्यंत गिऱ्हाईक परत जातं. गुरुवारी ८४ येतात, रविवारपर्यंत ४८ जातात, ३६ उरतात. सोमवारी तुम्ही फक्त ४८ मागवता. ते ३६ बुधवारपर्यंत पुरतात, गुरुवारी आलेले ४८ रविवारी संपतात, आणि सोमवारी पुन्हा शून्य.

आता पातळी काढू. दहा दिवसांची सरासरी विक्री १२० झाली. शिवाय विक्री रोज सारखी नसते. तुमच्या रोजच्या आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे विक्री सरासरीपासून साधारण किती वर-खाली होते तो आकडा, ४ आहे असं धरतो. दहा दिवसांचं विचलन त्याच्या दहापट होत नाही, ४ × √१० म्हणजे साधारण १२.६ होतं. शंभरातल्या ९५ वेळा माल पुरावा असं वाटत असेल तर त्याला १.६५ ने गुणा, २१ येतात. पातळी १४१. सोमवारी शेल्फवर ४६ असतील तर ९५ मागवा. होलसेलरकडून मागच्या ऑर्डरच्या २० स्ट्रिप यायच्या राहिल्या असतील तर त्या आधी धरा आणि ७५ च मागवा. ही वजाबाकी राहिली की माल दुप्पट साचतो, आणि पुढे एक्सपायरीचा त्रास होतो.

१४१ चा आकडा पाहून घाबरू नका. एवढा माल एका वेळी शेल्फवर येतच नाही, कारण गुरुवारपर्यंत सरासरी ३६ विकले गेलेले असतात. गुरुवारी जास्तीत जास्त १०५ च्या आसपास दिसतील.

विचलन काढताना एक काळजी घ्या. माल नव्हता त्या दिवसांची शून्य विक्री वहीतून वगळा. माझ्या दुकानात सुरुवातीला मी ती धरली होती. त्यामुळे सरासरी खाली आली, पातळीही खाली आली, आणि माल आणखी लवकर संपू लागला.

हिशोब बरोबर बसला की नाही हे गुरुवारी माल उतरवण्याआधी मोजा. तेव्हा सरासरी २१ च्या आसपास शिल्लक हवी. सतत ५० दिसत असेल तर पातळी उतरवा. वरचेवर शून्य दिसत असेल तर आधी पाहा की माल खरंच गुरुवारी येतो का. कधी शनिवारी येत असेल, तर लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा वेळ, तीन दिवसांचा धरणं चूक आहे.