चिरंजीव म्हणजे खालिद नव्हे

प्रश्न : माझ्याकडे लग्नपत्रिकेचा फक्त फोटो आहे. नवरा मुलगा कुवेतला नोकरीला आहे आणि त्याला तिथल्या साहेबांना अरबीत पत्रिका द्यायची आहे. देवाचे नाव, चि., सौ. कां., आशीर्वाद यांचे अरबीत काय करायचे?

उत्तर :

मी कुवेतला एका कंपनीच्या कार्यालयात बारा वर्षे कारकुनी केली आणि अरबी पत्रव्यवहार हाताखालून जात असल्यामुळे ती भाषा बऱ्यापैकी अंगवळणी पडली. तरीही माझ्या सख्ख्या भाच्याच्या लग्नाची अरबी पत्रिका मला न विचारता केली गेली. फोंड्याच्या एका छापखान्यातून पत्रिकेचा फोटो कोणाकडे तरी गेला, तिथून अरबी मजकूर आला आणि आमच्या मेहुण्यांनी त्यावर शेवटचा हात फिरवला. भाच्याच्या साहेबांनी ती वाचून त्याला विचारले, ''अभिनंदन, पण हा खालिद कोण?''

झाले होते असे, की 'चि.' म्हणजे चिरंजीव, चिरंजीव म्हणजे अमर, आणि अमर या अर्थाचा अरबी शब्द 'खालिद'. तो नावाच्या अलीकडे बसल्यामुळे शांतादुर्गेच्या भक्ताचा मुलगा खालिद सुशांत झाला. 'चि.' हे अक्षर वडीलधाऱ्यांनी धाकट्याला लावायचे असते. अरबीत त्याची जागा नावापुढच्या कोणत्याही शब्दाने भरत नाही, ती नात्याच्या शब्दाने भरते. पत्रिकेत 'इब्न' हा मुलगा या अर्थाचा साधा शब्द न वापरता 'नजल' लिहितात, म्हणजे आपले 'सुपुत्र', आणि मुलीसाठी 'बिन्त' ऐवजी 'करीमा', म्हणजे 'सुकन्या'. 'चि.' आणि 'सु' या दोन्हींचा मान या एका शब्दात येतो. 'सौ. कां.' चा शब्दशः अनुवाद करायला गेलात तर अरब वाचक गोंधळेल. तिथे 'अल-आनिसा', म्हणजे कुमारी, पुरेसे आहे. 'श्री. व सौ.' यांना 'अस्सय्यिद' आणि 'व हरमुहु' लिहावे. 'हरम' हा शब्द पाहून आमचे मेहुणे दचकले होते, पण प्रतिष्ठित गृहस्थाच्या पत्नीचा उल्लेख करण्याची ती अत्यंत सभ्य रीत आहे.

दुसरी चूक फोटोमुळे झाली आणि ती मला अधिक लागली. वधूचे वडील तीन वर्षांपूर्वी वारले होते, त्यामुळे पत्रिकेत त्यांच्या नावामागे 'कै.' होते. अक्षरे सोनेरी चमकीची, फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, त्यामुळे दोन मात्रांपैकी एक प्रकाशात विरघळली आणि 'कै.' चे 'के.' झाले. भाषांतर करणाऱ्याने ते आद्याक्षर समजून लिहिले आणि गेलेला माणूस अरबीत जिवंत होऊन लग्नाचे आमंत्रण देऊ लागला. खाली त्यांच्या पत्नीच्या नावामागे 'गं. भा.' स्पष्ट होते. ज्याला हे मराठी संक्षेप कळतात त्याने तिथेच थांबायला हवे होते, कारण गं. भा. असेल तर तिच्या पतीच्या नावामागे कै. असलेच पाहिजे. तसेच नक्षीदार अक्षरांत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, म्हणून तारीख वाचल्यावर वार कॅलेंडरशी जुळतो का ते पाहावे. फोटो दिवसाच्या उजेडात, पत्रिका सपाट ठेवून, फ्लॅश न लावता पुन्हा मागवणे सर्वांत सोपे.

'कै.' साठी बहुतेक जण 'अल-मरहूम' लिहितात. त्याचा मूळ अर्थ ज्याच्यावर ईश्वराने दया केली तो, आणि परंपरानिष्ठ मुस्लिम वाचकाला तो शब्द हिंदू माणसासाठी खटकू शकतो. 'अर्राहिल', म्हणजे दिवंगत, हा शब्द वृत्तपत्रांतही चालतो आणि कोणालाही टोचत नाही. गंगा-भागीरथीचे भाषांतर करू नये. 'अस्सय्यिदा' लिहून नाव द्यावे. वैधव्य पत्रिकेवर मिरवण्याची आपली रीत अरबीत नेण्याचे काही कारण नाही, आणि खरे सांगायचे तर मराठीतही ती आता बंद व्हावी.

आता देवाचे नाव, ज्यावरून आमच्या मेहुण्यांशी माझा वाद अजून मिटलेला नाही. त्यांनी 'श्री शांतादुर्गा प्रसन्न' काढून तिथे 'बिस्मिल्लाह' आणि सूरह अर्-रूममधली पती-पत्नीविषयीची आयत घातली, जी अरब मुसलमानांच्या पत्रिकांवर नेहमी असते. साहेबांना बरे वाटेल, हे त्यांचे म्हणणे. मला ते दोन्ही बाजूंनी चुकीचे वाटते. पहिली गोष्ट, आपण ज्या श्रद्धेचे नाही ती आपल्या तोंडी घालणे हा आदर नव्हे. दुसरी, कुराणातले शब्द असलेला कागद कचऱ्यात पडू नये याची धार्मिक मुसलमान काळजी घेतात. म्हणजे आपण साहेबांना आनंद देण्याऐवजी एक जबाबदारी देतो. त्याऐवजी 'बि-औनिल्लाह', म्हणजे ईश्वराच्या साहाय्याने, एवढे लिहावे. अरब ख्रिस्तीही 'अल्लाह' हाच शब्द वापरतात, त्यामुळे तो कोणा एकाचा नाही, आणि आपल्या 'श्रीकृपेकरून' च्या तो अगदी जवळचा आहे. शांतादुर्गेचे नाव ठेवायचेच असेल तर वर मूळ देवनागरीतच ठेवावे.

विवाहासाठी 'हफ्ल ज़िफाफ' लिहावे. 'अक्द किरान' हा मुख्यतः इस्लामी विवाहकराराचा शब्द आहे, तो सप्तपदीला लावू नये. एकूण वाक्य असे बसते : 'यतशर्रफु अस्सय्यिद (वडिलांचे नाव) व हरमुहु बि-दअवतिकुम लि-हुदूरि हफ्लि ज़िफाफि नजलिहिमा सुशांत अला अल-आनिसा (वधूचे नाव), करीमति अर्राहिल (तिच्या वडिलांचे नाव)'. वधूचे नाव आखाती पत्रिकांत पुष्कळदा छापतच नाहीत, केवळ 'अमक्यांची करीमा' म्हणतात. आपल्या पत्रिकेत ते आहे, तर ते गाळू नये.

आशीर्वादाची दिशा मात्र उलटी होते, हे लक्षात घ्यावे. आपण पाहुण्यांकडे आशीर्वाद मागतो; अरबी पत्रिकेच्या शेवटी यजमान पाहुण्यांना सदिच्छा देतो : 'दामत दियारुकुम आमिरतन बिल-अफ्राह', तुमची घरे सदैव आनंदाने भरलेली राहोत. मेहुण्यांनी तिथे 'बिर्-रिफा वल-बनीन' घातले होते. सुखाने नांदा आणि पुत्र होवोत, असा त्याचा अर्थ. ते इस्लामपूर्व काळातले अभिष्टचिंतन म्हणून धर्मशास्त्री नापसंत करतात, शिवाय ते पाहुण्याने जोडप्याला म्हणायचे असते, यजमानाने स्वतःच्या पत्रिकेत नव्हे.

नावांचे अरबी लेखन स्वतः ठरवू नका. अरबीत प, च आणि ट नाहीत, म्हणून एकच आडनाव चार प्रकारे लिहिले जाते. मुलाच्या कुवेती ओळखपत्रावर त्याचे नाव अरबीत छापलेलेच असते, तेच उतरवावे. अंक तपासताना अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा दिसतो आणि अरबी शून्य केवळ एक ठिपका असतो, हे ध्यानात ठेवले नाही तर पंचवीस तारीख वीस वाटते. छापून आलेली अक्षरे एकमेकांना न जोडता सुटी सुटी उभी असतील, तर छापखान्याच्या संगणकाने घोळ केला आहे, वाचता येत नसले तरी ती पत्रिका परत करावी.

हे सर्व आमंत्रणापुरते आहे. हीच पत्रिका रजेच्या अर्जाला जोडायची असेल, तर शोभेचे काही चालत नाही. तिथे देवतेच्या नावासह शब्दशः आणि अधिकृत भाषांतरकाराच्या शिक्क्याचे भाषांतर लागते. मी तसा भाषांतरकार नाही, त्यामुळे छापण्यापूर्वी मुलाच्या एखाद्या अरबी सहकाऱ्याकडून फोनवर पूर्ण मजकूर मोठ्याने वाचून घ्यावा आणि आपण मूळ पत्रिका हातात धरून प्रत्येक नाव ऐकावे. आमच्याकडे एवढे दहा मिनिटांचे काम कोणी केले असते, तर खालिद तिथेच सापडला असता. मेहुणे मात्र आजही म्हणतात, की साहेबांनी आहेर चांगला दिला.