रमीत स्किल आहे, मग पैसे जातात कुठे?

"मॅडम, रमी जुगार नाहीये, सुप्रीम कोर्टानेच स्किल गेम म्हटलंय. आणि मी हरतो त्यापेक्षा जास्त वेळा जिंकतो. मग घरचे मला जुगारी का म्हणतात?"

हे वाक्य थोड्याफार फरकाने मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्यावर लिहायलाच हवं. हे ज्याने विचारलं त्याला आपण सुमित म्हणू, नाव बदललंय. वय तिशीच्या आत, नोकरी चांगली, डोक्यावर तीन लोन ॲपची कर्जं. बायकोने हट्ट धरून आणलं होतं.

मी त्याच्याशी वाद घातला नाही कारण कोर्टाचं तो बरोबरच सांगत होता. 1968 च्या निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं की रमी हा तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही, कोणते पत्ते पडले ते लक्षात ठेवावं लागतं, काय धरायचं काय टाकायचं याला डोकं लागतं. आपल्याकडचा 1887 चा जुगारबंदी कायदाही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतो. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जी जाहिरातीत कोणी सांगत नाही. पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा मालक नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो, असंही कोर्टाने म्हटलंय. म्हणजे खेळ कसा आहे एवढंच बघून कोर्ट थांबलं नाही, मधे बसून कोण कमावतंय हेही बघितलं.

माणसाला उपदेश करण्यापेक्षा त्याचा स्वतःचा हिशोब त्याच्यासमोर ठेवावा, या मताची मी आहे. म्हणून पुढच्या वेळी त्याला ॲपमधली हिस्टरी आणायला सांगितली. दोघांच्या टेबलावरचे शंभर रुपयांचे शेवटचे शंभर डाव आम्ही मोजले. 53 जिंकलेले, 47 हरलेले.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" तो खुश झाला.

"जिंकल्यावर हातात किती येतात?"

"180. वीस ॲप कापतं."

"म्हणजे फायदा 80 चा. आणि हरलास तर?"

"शंभर जातात."

मग त्यानेच मोबाईलवर गुणाकार केला. 53 गुणिले 80 म्हणजे 4240. 47 गुणिले 100 म्हणजे 4700. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "जास्त जिंकूनही 460 गेले?"

हा क्षण मला फार मोलाचा वाटतो कारण मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच दिसलं. नुसतं बरोबरीत राहायला त्याला शंभरात किमान 56 डाव जिंकायला हवे होते, तेही समोरचा त्याच्याइतकाच मुरलेला असताना. या शंभर डावांत ॲपने 2000 रुपये कापले, कोणीही जिंको. हे डाव तर त्याच्या शांत दिवसांचे. खरं कर्ज झालं ते हरल्यावर रात्री हजाराच्या टेबलावर जाऊन "आता भरून काढतो" म्हणत खेळलेल्या डावांनी, तिथे पत्ते लक्षात ठेवायचं कौशल्य कुठलं टिकतंय. खेळात स्किल आहे की नाही हा कायद्याचा प्रश्न, पण हरलेलं परत मिळवायला खेळतोयस का हा त्याचा स्वतःचा प्रश्न होता, आणि पहिल्याचं उत्तर पुढे करून तो दुसरा टाळत होता. हे मला कळलं आणि पुढचं काम सोपं झालं.

2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात स्किल की नशीब हा फरकच काढून टाकला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, पण नुसतं खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. हे वाचून सुमित परदेशी साइटकडे वळला, टेलिग्रामवर एजंट भेटला, आणि एजंट म्हणाला तुझं बँक खातं वापरायला दे, कमिशन देतो. इथे मात्र मी स्पष्ट बोलले. असं खातं दिलं की तू खेळणारा राहत नाहीस, पैसे फिरवणारा होतोस, आणि पैसे फिरवायला मदत करणं हा त्याच कायद्यात गुन्हा आहे. शिवाय त्या खात्यातून कोणा फसवलेल्या माणसाचे पैसे गेले तर खातं गोठतं आणि पोलिसांना उत्तरं तुला द्यावी लागतात. त्याने खातं दिलं नाही.

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना माझं सांगणं, कर्ज एकदम फेडून टाकू नका, हात मोकळा झाला की खेळ परत सुरू होतो हे मी खूप घरात बघितलंय. पगाराचं खातं काही महिने दोघांच्या नजरेखाली ठेवा, यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा, लोन ॲपच्या हप्त्यांची यादी त्यालाच लिहू द्या. झोप उडाली असेल, जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल तर थांबू नका, टेलीमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. सुमितच्या तीनपैकी दोन कर्जं आता संपलीत, तिसऱ्याचा हप्ता तो स्वतः भरतो आणि पावती बायकोला पाठवतो.